प्रोफेसरांना पहिला मेल: सुरुवात शेवटी लिहा

मी पीएचडी करत होतो तेव्हा आमच्या गाइडकडे आलेले चौकशीचे मेल बरेचदा माझ्याकडे फॉरवर्ड व्हायचे, वर फक्त "बघ रे, काही दम आहे का" एवढंच लिहिलेलं. सुरुवातीला मी प्रत्येक मेल शेवटपर्यंत वाचायचो, मग लक्षात आलं की तिसऱ्या वाक्यापर्यंत कळतं. म्हणजे पोरगं हुशार आहे की नाही ते नाही कळत, पण त्याने हा मेल आमच्याच लॅबला लिहिलाय की चाळीस जणांना एकच पाठवलाय एवढं नक्की कळतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या मेलला उत्तर जात नाही. गाइड वाईट होते म्हणून नाही, उत्तर देण्यासारखं त्यात काही नसायचं म्हणून.

तर या लेखात फक्त मेलची सुरुवात: मायना आणि पहिली तीन-चार वाक्यं. सीव्ही कसा लिहायचा, प्रवेश परीक्षा वगैरे इथे काही नाही. आणि माझी पद्धत जरा उलटी आहे. सगळे जण मेल उघडतात आणि "आदरणीय सर" टाइप करून अडकतात. मी म्हणतो आधी तिसरं वाक्य लिहा, मग दुसरं, मग पहिलं, मग सब्जेक्ट, मग मायना, आणि अॅड्रेस तर एकदम शेवटी. का ते पुढे कळेलच.

आधी नेहमीचा मेल बघू

> आदरणीय सर/मॅडम, आशा आहे आपण कुशल असाल. मी आपल्या संशोधनाने अत्यंत प्रभावित झाले आहे. मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड असून आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. तरी कृपया संधी द्यावी ही नम्र विनंती.

यात व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणा नाही. पण हाच मेल शेजारच्या केबिनमधल्या प्रोफेसरांना पाठवला तर एक अक्षर बदलावं लागणार नाही. रसायनशास्त्राच्या जागी इतिहास टाकला तरी चालेल! वाचणाऱ्याला नेमकं हेच पहिल्या नजरेत दिसतं. शिवाय "संधी द्यावी" म्हणजे काय द्यावं? पीएचडीची जागा, उन्हाळ्यातली इंटर्नशिप, डेझर्टेशनसाठी गाइड की नुसता सल्ला, काहीच कळत नाही, मग समोरचा माणूस "नंतर बघू" म्हणतो आणि ते नंतर कधी येत नाही.

तिसरं वाक्य: तुमचा प्रश्न

हे सगळ्यात अवघड आहे म्हणून सगळ्यात आधी. उदाहरणासाठी एक विद्यार्थिनी धरू, एमएस्सी रसायनशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. (उदाहरण रचलेलं आहे, आकडेही, पण असले प्रोजेक्ट ढिगाने होतात.) तिचा प्रोजेक्ट झिंक ऑक्साइडच्या पावडरीचा. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात पावडर टाकायची, अर्धा तास अंधारात ढवळायचं म्हणजे जो रंग नुसता पावडरीला चिकटतो तो चिकटून घेतो, मग यूव्ही दिवा लावायचा आणि दर थोड्या वेळाने ६६४ नॅनोमीटरला रीडिंग घेऊन रंग किती उडाला ते बघायचं. पहिल्या वेळी ९२ टक्के रंग गेला. तीच पावडर सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरली, आणि तिसऱ्या वेळी ६१ टक्केच गेला.

आता ती ज्या प्रोफेसर मॅडमना लिहिणार आहे त्यांच्या एका पेपरमध्ये झिंक ऑक्साइडचा थर काचेवर दिलाय आणि पाच वेळा वापरूनही काम फारसं कमी झालेलं नाही. हे वाचून तिच्या डोक्यात पहिला विचार येतो तो "वा, किती छान काम" हा. तो मेलमध्ये लिहायचा नाही. तो सगळ्यांच्याच डोक्यात येतो.

त्याऐवजी तिने स्वतःच्या वहीकडे बघायचं. माझं कमी का झालं? दोन कारणं असू शकतात. एक, झिंक ऑक्साइड यूव्ही उजेडात पाण्यात हळूहळू विरघळतं, त्याला फोटोकरोजन म्हणतात. दुसरं फारच साधं, धुताना पावडर वाहून जाते. मग तिने उरलेली पावडर तोलली तर ५० मिलिग्रॅममधली ३८ च शिल्लक. म्हणजे जवळजवळ पाव भाग गेलाय, पण धुण्यात गेला की विरघळून गेला हे वजनावरून कळत नाही. आणि मॅडमच्या काचेवरच्या थराला सेंट्रिफ्यूज लागतच नाही, तर त्यांचं टिकलं ते धुण्यातलं नुकसान वाचलं म्हणून की झिंक खरंच कमी विरघळलं म्हणून? हा झाला प्रश्न. दोन मिनिटात समजतो, उत्तर चटकन देता येत नाही, आणि तो फक्त त्यांनाच विचारता येतो.

पण थांबा, इथे एक खड्डा आहे. पेपरला जोडलेली सप्लिमेंटरी फाइल असते ती कोणी उघडत नाही, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच एखाद्या टेबलमध्ये पडलेलं असतं. द्रावणात किती झिंक आलं हे त्यांनी मोजून तिथे दिलं असेल आणि तुम्ही तेच विचारलंत, तर मेलने तुमची बाजू मांडण्याऐवजी तुम्ही अर्धंच वाचलंय हे सांगितलं. म्हणून प्रश्न सुचला की पेपर, सप्लिमेंटरी आणि त्याच ग्रुपचा त्यानंतरचा पेपर, एवढं तरी चाळायचं. उत्तर सापडलं तर निराश होऊ नका, सापडलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो आणि तो पहिल्यापेक्षा चांगला असतो.

ज्यांनी अजून प्रोजेक्टच केलेला नाही त्यांनी काय करायचं? मग स्वतःचा आकडा नसेल, पण पेपरमधली एक आकृती घ्या आणि त्यात तुम्हाला न कळलेली एक गोष्ट शोधा. "आकृती तीनमध्ये चौथ्या आणि पाचव्या वापराच्या मध्ये उतार वाढतो, त्याचं कारण मला चर्चेच्या भागात सापडलं नाही" हेही तिसरं वाक्य म्हणून चालतं. फक्त ते खरं असायला पाहिजे, आकृतीत तसं दिसत नसेल तर गेलात.

दुसरं वाक्य: कुठला पेपर, त्यातलं काय

हे आता सोपं झालं कारण प्रश्न हातात आहे. पेपरचं पूर्ण लांबलचक शीर्षक टाकू नका, वर्ष आणि कामाची ओळख पुरते, त्यांना त्यांचे पेपर माहीत असतात. "काचेवरच्या झिंक ऑक्साइडच्या थराबद्दलचा तुमचा पेपर" एवढं बास.

एक बारीक गोष्ट. प्रयोगाच्या विषयांत पेपरवर पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं असतं आणि ग्रुपच्या प्रमुखाचं शेवटी, शेजारी छोटा तारा किंवा पाकिटाची खूण, म्हणजे पत्रव्यवहार यांच्याशी करायचा. (गणितासारख्या विषयांत नावं सहसा आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात, तिथे हा हिशोब लावू नका.) तेव्हा "तुम्ही केलेला प्रयोग" यापेक्षा "तुमच्या ग्रुपचं काम" लिहिलेलं बरं. आणि तुमची शंका निव्वळ पद्धतीची असेल, म्हणजे थर किती अंशाला भाजला वगैरे, तर ती पहिल्या लेखकाला विचारा, प्रोफेसरांना नको.

अॅब्स्ट्रॅक्टमधलं वाक्य उचलून "तुमच्या या निष्कर्षाने मी प्रभावित झाले" असं लिहिणारे पुष्कळ असतात. लेखकाला स्वतःचं वाक्य लगेच ओळखू येतं हो.

पहिलं वाक्य: मी कोण आणि काय हवंय

इनबॉक्समध्ये मेल न उघडताच पाठवणाऱ्याचं नाव, सब्जेक्ट आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द दिसतात, फोनवर तर जेमतेम एक-दोन ओळी. त्या ओळीत "आशा आहे आपण कुशल असाल" असेल तर तुमची हक्काची जागा गेली. म्हणून मायन्यानंतर लगेच एका वाक्यात दोन गोष्टी: मी कोण, आणि कशासाठी लिहितेय. "मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे आणि पुढच्या वर्षी तुमच्या ग्रुपमध्ये पीएचडीसाठी जागा असेल का हे विचारण्यासाठी लिहितेय."

काही जणांना वाटतं की एकदम मागणं बरं दिसत नाही, आधी थोडी ओळख, थोडी स्तुती, मग हळूच मुद्दा. फोनवर किंवा भेटीत ठीक आहे, मेलमध्ये वाचणारा "याला हवंय काय" हे शोधत खाली खाली जातो आणि वैतागतो. मागणं स्पष्ट असलं की ते उद्धट होत नाही, फक्त छोटं ठेवायचं. "मला विद्यार्थी म्हणून घ्या" हे मोठं मागणं झालं, त्याला हो म्हणायला त्यांना पैसे, जागा, नियम सगळं बघावं लागतं. "जागा आहे का, आणि असेल तर पंधरा मिनिटं बोलता येईल का" याला एका ओळीत उत्तर देता येतं.

सब्जेक्ट

फार विचार नको. कशासाठी आणि कुठला विषय: "पीएचडी मार्गदर्शनाबद्दल चौकशी: झिंक ऑक्साइडचा पुनर्वापर". नुसतं "विनंती" किंवा "अर्जंट" नको. मात्र प्रोफेसरांचं वेबपेज आधी वाचा, कारण काही जण तिथे स्पष्ट लिहितात की सब्जेक्टमध्ये अमुक शब्द टाका, किंवा यंदा विद्यार्थी घेत नाही, किंवा थेट मेल करू नका आणि विभागाच्या फॉर्ममधूनच या. ते न वाचता पाठवलेला मेल कितीही छान असला तरी बाद. पेज वाचताना माणूस अजून तिथेच आहे ना हेही बघा, लोक युनिव्हर्सिटी बदलतात, निवृत्त होतात, आणि जुनं पेज तसंच राहतं. शेवटचा पेपर कधीचा आणि त्यावर पत्ता कुठला, यावरून कळतं.

आता मायना

इथे सगळे घाबरतात म्हणून जरा निवांत बोलू.

मेल मराठीत असेल तर "आदरणीय प्रा. (आडनाव) मॅडम," किंवा "सर," आणि खालच्या ओळीत "सादर नमस्कार." झालं. "माननीय महोदय" लिहिलंत की तो ऑफिसला केलेला अर्ज वाटायला लागतो, मग पुढे आपोआप "तरी कृपया" वगैरे यायला लागतं, हात तसाच वळतो. "स. न. वि. वि." ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला ठीक, पहिल्याच मेलमध्ये प्रोफेसरांना नको. एकाने तर "तीर्थरूप सर" लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. भावना पोचली पण तीर्थरूप घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असतं रे बाबा.

मग "आपण" की "तुम्ही"? आपण जास्त आदराचं खरं, पण त्यात एक गोची आहे. "आपल्या पेपरमधला निष्कर्ष" म्हणजे कोणाचा पेपर, तुमचा की आपल्या दोघांचा? जिथे तुमचं काम आणि त्यांचं काम शेजारी ठेवायचंय तिथे हा गोंधळ फार होतो. मी सरळ "तुम्ही, तुमच्या" वापरतो, वर सर किंवा मॅडम आहेच, आदर कुठे जात नाही. तुम्हाला आपणच बरं वाटत असेल तर शेवटपर्यंत आपण ठेवा, अर्धा मेल आपण आणि अर्धा तुम्ही झाला की दोन मेल जोडल्यासारखा दिसतो.

इंग्रजीत लिहायचं असेल तर "डिअर प्रोफेसर", पुढे आडनाव, पुढे स्वल्पविराम. सर किंवा मॅडम हे शब्द इंग्रजी मेलमध्ये, त्यातून बाहेरच्या देशात, टाळलेलेच बरे, कारण "रिस्पेक्टेड सर" वाचलं की तिकडे घाऊक मेलचा वास येतो, आणि वाचणारी बाई असेल तर संपलंच. मी हे करून बसलोय. नावावरून पुरुष वाटले, फोटो बघायचा कंटाळा केला, "डिअर सर" ठोकलं, उत्तर आलं ते छान, सविस्तर, आणि खाली सहीच्या आधी एक ओळ की मी सर नाही. प्रोफेसर या शब्दाचा फायदाच हा की त्यात बाई-पुरुष ओळखावं लागत नाही.

प्रोफेसर की डॉक्टर? अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसरलाही प्रोफेसर म्हटलेलं चालतं. ब्रिटनमध्ये प्रोफेसर ही वरची पायरी आहे, तिथल्या लेक्चररला डॉक्टर म्हणतात. जर्मनीत नावाआधी प्रा. डॉ. दोन्ही लावलेलं दिसतं, इंग्रजी मेलमध्ये नुसतं प्रोफेसर पुरतं. पेजवर बघून ठरवा, शंका राहिली तर प्रोफेसर लिहा, एक पायरी वर चढवल्याने सहसा कोणी रागावत नाही, खाली उतरवलं तर मात्र खटकतं. मिस्टर आणि मिसेस कधीच नाही.

आडनाव कुठलं हा आणखी एक घोळ. चिनी नावात आडनाव आधी येतं पण इंग्रजी पेपरवर तेच नाव कधी उलटं छापलेलं असतं. स्पॅनिश नावात दोन आडनावं असतात आणि साधारण पहिलं वापरतात. दक्षिण भारतातल्या बऱ्याच नावांत आडनाव नसतंच, फक्त इनिशियल आणि स्वतःचं नाव. सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या कोणी त्यांचा पेपर संदर्भयादीत कसा दिलाय ते बघायचं, तिथे बहुतेक वेळा आडनाव आधी आणि इनिशियल नंतर असतं. तरी खात्री होत नसेल तर त्यांच्या स्वतःच्या पेजवर जसं आहे तसं पूर्ण नाव लिहा, प्रोफेसर आणि पुढे अख्खं नाव. थोडं अवघडल्यासारखं दिसतं पण चूक होत नाही. आणि नुसतं "डिअर प्रोफेसर" लिहून पुढे नावच नाही, हे सगळ्यात वाईट.

सगळं जोडून

> विषय: पीएचडी मार्गदर्शनाबद्दल चौकशी: झिंक ऑक्साइडचा पुनर्वापर
>
> आदरणीय प्रा. (आडनाव) मॅडम,
>
> सादर नमस्कार.
>
> मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे आणि पुढच्या वर्षी तुमच्या ग्रुपमध्ये पीएचडीसाठी जागा असेल का हे विचारण्यासाठी लिहितेय. काचेवरच्या झिंक ऑक्साइडच्या थराबद्दलचा तुमचा पेपर मी सप्लिमेंटरीसकट वाचला, त्यात पाच वापरांनंतरही रंग उडण्याचं प्रमाण फारसं कमी होत नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये पावडर वापरली तेव्हा तिसऱ्या वापराला ते ९२ वरून ६१ टक्क्यांवर आलं, पण ५० मिलिग्रॅमपैकी ३८ च उरली होती, त्यामुळे नुकसान धुण्यातलं किती आणि विरघळण्यातलं किती हे मला वेगळं करता आलं नाही. तुमच्या थरात झिंक खरंच कमी विरघळतं का, की फक्त धुण्यातलं नुकसान वाचतं? द्रावणातलं झिंक अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनने मोजून हे कळेल असं मला वाटतं.
>
> जागा असण्याची शक्यता असेल तर यावर पंधरा मिनिटं बोलता येईल का? सीव्ही जोडला आहे.

बघा, यात स्तुतीचा एक शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की हिने पेपर नीट वाचलाय, स्वतःच्या कामातली गडबड लपवत नाहीये, आणि पुढे काय मोजायचं याचा अंदाज तिला आहे. ६१ टक्के हा आकडा लाजिरवाणा वाटून बऱ्याच जणी तो गाळतील. तो गाळला तर प्रश्नच उरत नाही. यापेक्षा लांब मात्र करू नका, मार्कशीटची कहाणी सीव्हीत आहेच.

पाठवायच्या आधी

मायना कॉपी-पेस्ट केला असेल तर नावाचा फॉन्ट बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळा दिसतो, कधी मागे करडा पट्टा राहतो. तुमच्या स्क्रीनवर दिसेलच असं नाही, म्हणून आधी स्वतःला पाठवून फोनवर उघडा. पेस्ट करताना `Ctrl+Shift+V` वापरलं तर बहुतेक ठिकाणी साधा मजकूर येतो. त्याच वेळी पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतंय तेही बघा, शाळेत असताना उघडलेल्या अकाउंटवर काहीतरी भन्नाट टोपणनाव ठेवलेलं असतं आणि आपण ते विसरलेलो असतो. मायन्यातलं नाव पेजवरच्या नावाशी अक्षर अक्षर ताडून बघा, आणि सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, अॅड्रेस टाका, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही.

एकाच विभागातल्या पाच जणांना एकाच दिवशी पाठवू नका, ते एकमेकांना दाखवतात, आमच्याकडे दाखवायचे. एकाला पाठवा, आठ-दहा कामाचे दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर नवीन मेल न करता त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी: "खालच्या मेलबद्दल आठवण करून देतेय, जागा नसेल तर तेवढं कळवलंत तरी चालेल." ती दुसरी ओळ असली की नाही म्हणणं त्यांना सोपं जातं. त्यानंतरही शांतता असेल तर पुढच्या नावाकडे वळा, पण हाच मेल नाव बदलून नाही, पुन्हा तिसऱ्या वाक्यापासून सुरू.